डायोड बंद होतो, पण लगेच नाही

बारा व्होल्टच्या बॅटरीवरून चोवीस व्होल्ट तयार करणारं एक लहानसं बोर्ड दुरुस्तीला येतं. तपासल्यावर त्यातला एक डायोड शॉर्ट झालेला सापडतो. काळ्या अंगावर अक्षरं असतात UF4007. तो नेमका हाताशी नसतो, पण 1N4007 मात्र खोक्यात मूठभर पडलेले असतात. दोघांचा आकार सारखा आणि टोकाचा पांढरा पट्टाही तसाच. दोघेही १ अँपिअरचे, दोघेही १००० व्होल्ट सोसणारे. दुरुस्ती करणारा जुना काढून नवा बसवतो. बोर्ड सुरू होतं, मीटरवर चोवीस व्होल्ट दिसतात आणि काम झालं असं वाटतं.

पाच मिनिटांत शेजारच्या मॉसफेटच्या हीटसिंकला बोट लावता येत नाही. आणखी थोड्या वेळाने मॉसफेट उडतो. नवा मॉसफेट बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. आता संशय मॉसफेटच्या दर्जावर, कॉइलवर, कंट्रोलर आयसीवर जातो. डायोड पुन्हा एकदा मल्टिमीटरवर तपासला जातो. सुलट लावला की अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा येतो, उलट लावला की OL येतं. म्हणजे डायोड ठणठणीत, असा निष्कर्ष निघतो.

मल्टिमीटर खोटं बोलत नाही. पण तो विचारतो तो प्रश्नच वेगळा असतो. डायोड उलट दिशेने प्रवाह अडवतो का, एवढंच तो पाहतो. अडवायला किती वेळ लागतो, हे त्याला कळत नाही. या बोर्डात मॉसफेट सेकंदाला एक लाख वेळा उघडतो आणि मिटतो, त्यामुळे इथे सगळा खेळ त्या वेळाचाच आहे.

डायोड म्हणजे प्रवाहासाठीचा एकदिशा मार्ग, हे शाळेत शिकवलं जातं आणि ते बरोबरच आहे. मात्र त्या वाक्यातून असं चित्र मनात उभं राहतं, की दिशा उलटताच आत कुठेतरी दार बंद होतं. सिलिकॉनच्या आत दार नसतं. तिथे असतात दोन बाजू. एका बाजूला मोकळ्या इलेक्ट्रॉनांची रेलचेल, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांची, म्हणजे होल्सची. सुलट व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन होल्सच्या मुलखात शिरतात आणि होल्स इलेक्ट्रॉनांच्या मुलखात. दोघेही तिथे परके असतात. परक्या मुलखात शिरलेला होल कधी ना कधी एखाद्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडून नाहीसा होतो, पण ते क्षणात घडत नाही. तो काही काळ तिथेच वावरतो. या सरासरी काळाला वाहकाचं आयुष्य म्हणतात.

गर्दीच्या देवळाचा सभामंडप डोळ्यांसमोर आणला, तर पुढचा हिशेब सोपा होतो. मिनिटाला शंभर माणसं आत येत असतील आणि प्रत्येक जण पाच मिनिटं थांबत असेल, तर मंडपात कोणत्याही क्षणी पाचशे माणसं असणार. डायोडचंही तसंच आहे. सुलट प्रवाह म्हणजे येणाऱ्यांचा वेग, आयुष्य म्हणजे थांबण्याचा काळ आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे आत साठलेला विद्युतभार. सूत्रात लिहायचं तर Q = I × τ. बाहेरचा दरवाजा लावला, तरी मंडपातली पाचशे माणसं आतच असतात.

व्होल्टेज उलटतं तेव्हा नेमकं हेच होतं. आत साठलेले वाहक शिल्लक असतात आणि ते असेपर्यंत डायोड वाहतच राहतो. फरक एवढाच, की आता ते ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत ओढले जातात. म्हणजे प्रवाह चक्क उलट दिशेने वाहतो आणि तोही गळतीसारखा थेंबथेंब नव्हे, तर भरधाव. आतला साठा संपत आला की मगच जंक्शनजवळचा भाग वाहकांवाचून कोरडा पडतो आणि तिथे व्होल्टेज अडवणारी भिंत उभी राहते. प्रवाह शून्यातून उलट्या बाजूला गेल्यापासून तो जवळजवळ ओसरेपर्यंतच्या काळाला रिव्हर्स रिकव्हरी टाइम म्हणतात. डेटाशीटमध्ये तो trr या खुणेने लिहिलेला असतो.

हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं. त्यासाठी एक फंक्शन जनरेटर, एक ऑसिलोस्कोप, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक 1N4007 एवढं पुरतं. डायोड आणि रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे, त्यांना अधिक १० ते उणे १० व्होल्टची चौकोनी लहर द्यायची आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज पडद्यावर पाहायचं. रेझिस्टर १ किलोओहमचा असल्याने तिथला एक व्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर प्रवाह.

वारंवारता ५० हर्ट्झ ठेवली तर पुस्तकातलंच चित्र दिसतं. अर्धी लाट पार, अर्धी अडवलेली. वारंवारता १० किलोहर्ट्झवर नेली आणि लहर जिथे उलटते तो भाग ताणून पाहिला, की पुस्तकात नसलेलं काहीतरी उगवतं. सुलट असताना रेझिस्टरवर ९.३ व्होल्ट असतात, कारण उरलेले ०.७ डायोडवर पडतात. लहर उलटताच हे व्होल्टेज शून्यावर येऊन थांबायला हवं. ते थांबत नाही. ते थेट उणे १०.७ व्होल्टपर्यंत जातं आणि तिथे काही मायक्रोसेकंद सपाट पायरीसारखं टिकून राहतं. मग वळण घेत शून्याकडे येतं.

या १०.७ या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. उलटा प्रवाह सुलट्यापेक्षाही जास्त आहे! असं होतं, कारण त्या काही मायक्रोसेकंदांत डायोडवरचं व्होल्टेज अजून सुलटच असतं. प्रवाहाने पाठ फिरवली, तरी आतला साठा डायोडला सुलट अवस्थेतच धरून ठेवतो. त्यामुळे डायोडचे ०.७ व्होल्ट आता उलट्या प्रवाहाला अडवण्याऐवजी हातभार लावतात. त्या पायरीपुरता डायोड हा डायोड नसतो. एखादी लहानशी बॅटरी जोडलेली तार असावी, तसा तो वागतो.

पायरीच्या लांबीवरून आतल्या साठ्याचा अंदाज काढता येतो. जंक्शन डायोड बंद व्हायला लागणाऱ्या वेळाचं गणित किंग्स्टन या संशोधकाने १९५४ साली मांडलं. पायरीची लांबी दोन गोष्टींवर ठरते, वाहकांच्या आयुष्यावर आणि सुलट-उलट प्रवाहांच्या गुणोत्तरावर. आज अभियंते त्यासाठी एक ढोबळ, सोपं सूत्र वापरतात: ts = τ × ln(1 + IF/IR). पडद्यावर पायरी ३ मायक्रोसेकंदांची दिसली असं धरू. सुलट प्रवाह ९.३ आणि उलट १०.७ मिलिअँपिअर घातला, तर आयुष्य येतं सुमारे ५ मायक्रोसेकंद. त्यावरून साठा निघतो साधारण ४५ नॅनोकूलोम. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण वाहकांच्या हिशेबात ते अठ्ठावीस हजार कोटींच्या घरात जातात. तेवढे सगळे बाहेर पडल्याखेरीज किंवा आतच विरून गेल्याखेरीज भिंत उभी राहत नाही.

पन्नास हर्ट्झला ही पायरी दिसत नव्हती, याचं कारणही आता उघड आहे. तिथे अर्धी लाट १० मिलिसेकंद चालते आणि तिच्यापुढे ३ मायक्रोसेकंद म्हणजे दहा हजारांत तीन भाग. वारंवारता १०० किलोहर्ट्झवर नेली की अर्धी लाट फक्त ५ मायक्रोसेकंदांची उरते. आता उलट्या अर्ध्या लाटेचा मोठा हिस्सा पायरीच खाऊन टाकते. पडद्यावर जवळजवळ पूर्ण लहर दोन्ही दिशांनी पार होताना दिसते. त्याच जागी 1N4148 हा छोटा काचेचा डायोड लावला, तर चित्र पुन्हा पुस्तकासारखं होतं. त्याचा रिकव्हरी टाइम ४ नॅनोसेकंद लिहिलेला असतो.

अर्थात हा ४ चा आकडा त्या डायोडवर कायमचा कोरलेला नाही. तो १० मिलिअँपिअर सुलट प्रवाह, ६ व्होल्ट उलट व्होल्टेज आणि १०० ओहम रेझिस्टर अशा ठरावीक मांडणीत मोजलेला असतो. सुलट प्रवाह वाढला की साठा वाढतो आणि वेळही वाढतो. उलटा ओढा जोरदार असला की वेळ कमी होतो, पण उलट्या प्रवाहाचं शिखर उंच होतं. डायोड तापला की वाहकांचं आयुष्य लांबतं आणि रिकव्हरी मंदावते. म्हणून दोन डायोडांच्या trr ची तुलना करताना त्याशेजारी बारीक अक्षरांत छापलेल्या अटी आधी जुळवून पाहाव्या लागतात.

आता दुरुस्तीच्या त्या बोर्डाकडे परत येऊ. बारा व्होल्टवरून चोवीस व्होल्ट करणाऱ्या या मांडणीत मॉसफेट मिटलेला, म्हणजे वाहणारा असताना कॉइलमध्ये ऊर्जा भरते. मॉसफेट उघडला की कॉइलचा प्रवाह डायोडमधून बाहेरच्या कॅपॅसिटरकडे जातो. बारा वॉटचं बोर्ड धरलं, तर डायोडमधून अर्धा वेळ, म्हणजे दर फेरीत ५ मायक्रोसेकंद, सुमारे १ अँपिअर वाहतो. मग मॉसफेट पुन्हा मिटतो आणि डायोडने तत्क्षणी बंद व्हायला हवं. तो झाला नाही तर चोवीस व्होल्टने भरलेला कॅपॅसिटर, अजून वाहणारा डायोड आणि वाहणारा मॉसफेट हे तिन्ही एका माळेत येतात. मध्ये अडवणारं काहीच नसतं. काही क्षणांसाठी हा सरळसरळ शॉर्टसर्किट असतो.

UF4007 चा रिकव्हरी टाइम ७५ नॅनोसेकंद. उलट्या प्रवाहाचं शिखर १ अँपिअर धरलं आणि त्याची आकृती त्रिकोणी मानली, तर दर फेरीला सुमारे ४० नॅनोकूलोम भार परत जातो. हा भार चोवीस व्होल्टवरून येतो आणि फेऱ्या सेकंदाला एक लाख होतात. तिन्हींचा गुणाकार येतो ०.१ वॉटच्या आसपास. बारा वॉटच्या बोर्डात एवढं सहज खपतं.

1N4007 साठी वाहकांचं आयुष्य तेच ५ मायक्रोसेकंद धरू. दर फेरीत त्याला भरायला ५ मायक्रोसेकंदच मिळतात, त्यामुळे साठा पूर्ण होत नाही. तरीही तो ३ मायक्रोकूलोमपर्यंत पोचतो. पुन्हा तोच गुणाकार केला तर येतात सात वॉटपेक्षा जास्त. प्रत्यक्षात काही वाहक आतच विरतात आणि आकडा बोर्डागणिक बदलतो, पण त्याची जात बदलत नाही. बारा वॉट देणाऱ्या बोर्डात निम्म्याहून अधिक वॉट नुसते उष्णतेत जात असतील, तर हीटसिंकला बोट लागणार कसं?

ही उष्णता मॉसफेटमध्ये का उतरते, तेही पायरीवरून कळतं. साठा निघत असताना डायोडवर जेमतेम ०.७ व्होल्ट असतात, म्हणजे चोवीस व्होल्टचा जवळजवळ सगळा ताण आणि वर काही अँपिअरचा झोत मॉसफेट झेलतो. दोष डायोडचा, भाजतो मॉसफेट. म्हणूनच मॉसफेट बदलत राहूनही दुखणं तसंच राहतं. ओळखायची खूण मात्र आहे. मॉसफेटच्या सोर्सकडच्या छोट्या रेझिस्टरवर ऑसिलोस्कोप लावला, तर मॉसफेट मिटण्याच्या क्षणी प्रवाहाची एक उंच, टोकदार सुई दिसते. तिच्यामागून कॉइलचा नेहमीचा तिरका चढ येतो. त्या चढाच्या मानाने सुई कित्येक पट उंच आणि रुंद असेल, तर आधी डायोडवरची अक्षरं वाचावीत.

रिकव्हरीचा शेवट कसा होतो, यालाही महत्त्व आहे. विहिरीवरची मोटर बंद केली की पाइपातलं पाणी मागे धावतं आणि फूटव्हॉल्व्हची झडप आपटून बसली तर सगळा पाइप हादरतो. काही डायोडांत शेवटचा साठा असाच एकाएकी संपतो. उलटा प्रवाह शिखरावरून तुटल्यासारखा शून्यावर येतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांतल्या, पायांतल्या इंडक्टन्समुळे व्होल्टेजचा उंच झटका उठतो. त्यापाठोपाठ काही मेगाहर्ट्झची थरथर सुरू होते आणि जवळच्या रेडिओत खरखर ऐकू येते. उलट प्रवाह जिथे हळूहळू ओसरतो, त्या डायोडाला सॉफ्ट रिकव्हरीचा म्हणतात. त्याचा trr थोडा जास्त असला, तरी तो शेजाऱ्यांना त्रास देत नाही.

मग सगळेच डायोड वेगवान का बनवत नाहीत? कारण हा साठा काही बनवण्यातली चूक नाही. १००० व्होल्ट अडवायचे तर डायोडच्या मध्यभागी सिलिकॉनचा जाड आणि जवळजवळ निर्भेळ थर ठेवावा लागतो. असा थर मुळात प्रवाहाला चांगलाच विरोध करणारा. सुलट असताना त्यात दोन्ही बाजूंनी वाहक लोटतात, थर त्यांनी भरून जातो आणि म्हणूनच तो कमी व्होल्टेजमध्ये अँपिअरभर प्रवाह वाहू देतो. ज्या गर्दीमुळे डायोड सहज वाहतो, तीच गर्दी त्याला बंद व्हायला उशीर लावते.

साठा कमी करायचा तर वाहकांचं आयुष्य कमी करावं लागतं. त्यासाठी सिलिकॉनमध्ये मुद्दाम सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे अणू अगदी अल्प प्रमाणात मिसळतात, किंवा त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून स्फटिकात बारीक दोष निर्माण करतात. या जागांवर इलेक्ट्रॉन आणि होल यांची गाठ लवकर पडते आणि मायक्रोसेकंदांचं आयुष्य नॅनोसेकंदांवर येतं. पण गर्दी पातळ झाली की मधला थर पुन्हा विरोध करू लागतो. १ अँपिअरला 1N4007 वर जास्तीत जास्त १.१ व्होल्ट पडतात, UF4007 वर १.७. सोनं मिसळलेल्या डायोडांत तापल्यावर उलटी गळतीही वाढते. वेग हवा असेल तर ही किंमत मोजावीच लागते. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचं रेक्टिफिकेशन करणाऱ्या ब्रिजमध्ये ती मोजून काहीच पदरात पडत नाही, म्हणून तिथे 1N4007 च योग्य.

दुसरा मार्ग आहे परक्या वाहकांना वाटच न देण्याचा. शॉट्की डायोडात धातू आणि सिलिकॉन थेट एकमेकांना भिडतात आणि प्रवाह जवळजवळ सगळा इलेक्ट्रॉनच वाहतात. साठवायला होल्सच नाहीत, म्हणून पायरीही नाही. उरतं ते जंक्शनच्या कॅपॅसिटन्सचं थोडं भरणं-रिकामं होणं. आपल्या चोवीस व्होल्टच्या बोर्डाला ४० व्होल्टचा 1N5819 हा १ अँपिअरचा शॉट्की चालू शकतो आणि त्यावर व्होल्टेजही कमी पडतं. मात्र सिलिकॉनच्या शॉट्कीची मजल साधारण शंभर-दोनशे व्होल्टपर्यंतच जाते आणि तापल्यावर त्याची गळती वाढते. त्यापुढची मजल गाठली सिलिकॉन कार्बाइडने. त्याचे शॉट्की डायोड २००१ साली बाजारात आले आणि ६०० व्होल्टलाही साठ्याविना काम करू लागले. सोलर इन्व्हर्टर आणि मोठ्या पॉवर सप्लायमध्ये आता ते नेहमी दिसतात.

एकच प्रवाह आणि एकच व्होल्टेज लिहिलेल्या डायोडांत निवड करताना म्हणूनच नावाची पहिली अक्षरं कामाची ठरतात. 1N4007 ला काही मायक्रोसेकंद लागतात आणि अनेक डेटाशीटमध्ये हा आकडा दिलेलाच नसतो. तो ज्या कामासाठी बनला, तिथे त्याची कुणी विचारणाच करत नाही. FR107 ला ५०० नॅनोसेकंदांपर्यंत लागतात, UF4007 ला ७५. आपल्या बोर्डाच्या हिशेबात FR107 घातला, तर तो दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. मॉसफेट जळणार नाही कदाचित, पण गरम नक्की राहील.

वेगवान डायोड सगळीकडे चांगला, असा धडा मात्र यातून घेऊ नये. मोबाइल चार्जरसारख्या लहान पॉवर सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडे एक डायोड, रेझिस्टर आणि कॅपॅसिटर यांची क्लॅम्पची मांडणी असते. मॉसफेट उघडताना उठणारा व्होल्टेजचा झटका ती गिळते. काही चार्जरमध्ये इथे मुद्दाम संथ डायोड बसवलेला असतो. काचेच्या थराने जंक्शन सुरक्षित केलेला, रिकव्हरी टाइम सुमारे २ मायक्रोसेकंदांच्या आत असल्याची खात्री दिलेला 1N4007 चा प्रकार, आणि त्याच्यासोबत एक लहान रेझिस्टर. झटका गिळून झाल्यावर हा डायोड लगेच बंद होत नाही. आतला साठा निघेपर्यंत तो उलटा वाहतो, कॅपॅसिटरमध्ये गेलेल्या ऊर्जेचा काही भाग ट्रान्सफॉर्मरकडे परत करतो आणि मागून येणारी थरथरही शमवतो. तिथला जळका डायोड काढून त्याजागी UF4007 बसवला तर चार्जर चालतो, पण ऑसिलोस्कोपवर मॉसफेटच्या ड्रेनपाशी आधी न दिसलेली थरथर उमटते.